आठ जीबी आणि पस्तीस एमबी

जर्मनीत शिकायला गेलेल्या बहुतेक मुलांकडे पहिलं वर्ष-दोन वर्षं प्रीपेड सिम असतं. दुकानात मिळतं, दर चार आठवड्यांनी पैसे कापले जातात, करारात अडकायला होत नाही. माझंही तसंच आहे. कंपनीचं ॲप मात्र फक्त जर्मनमध्ये आहे आणि माझी जर्मन भाषा पाव आणि दूध विकत घेण्यापुरती. तिथे राहून ते फारसं अडत नाही, कारण डेटा संपला तर घरी वायफाय असतं. सुट्टीत भारतात आल्यावर हे ॲप नीट वाचता येणं गरजेचं होतं, कारण माझ्या जर्मन बँकेचे सगळे कोड त्याच नंबरवर एसएमएसने येतात. म्हणजे सिम फोनमध्ये चालू हवं, पण त्याने इंटरनेटचा एक थेंबही प्यायला नको.

आधी शब्दांचं सांगते. ॲप उघडलं की एक गोल दिसतो आणि त्यात आकडा. त्या आकड्याखाली कधी verbraucht असतं, कधी verbleibend. दोन्ही शब्द ‘फेरब्’ने सुरू होतात, दोन्ही बारीक करड्या अक्षरांत. पहिला म्हणजे वापरलेला, दुसरा म्हणजे उरलेला. मी लक्षात ठेवलंय ते असं, की दुसऱ्यात bleib आहे, ‘ब्लाइब’ म्हणजे राहणे. जे राहिलं ते verbleibend. काही ॲपांत गोलावर बोट ठेवलं की आकडा एकातून दुसऱ्यात बदलतो, त्यामुळे शब्द न वाचता नुसता आकडा बघण्यात अर्थ नाही.

दुसरी गंमत स्वल्पविरामाची. आपण दशांशासाठी टिंब देतो आणि हजारासाठी स्वल्पविराम. जर्मन लोक बरोबर उलट करतात. 8,4 GB म्हणजे साडेआठला थोडं कमी, आणि 1.024 MB म्हणजे एक एमबीच्या किंचित वर नाही, तर एक हजार चोवीस एमबी, अख्खा जीबी.

आता खरी मेख. निघायच्या दिवशी माझ्या ॲपमध्ये 8,4 GB verbleibend होते. चांगली भरघोस शिल्लक. पण गोलाच्या खाली, बोटाने वर सरकवल्यावर दिसेल अशा ओळीत, ही शिल्लक जर्मनी आणि युरोपीय संघात लागू आहे असं लिहिलेलं होतं. युरोपात हे बरोबर आहे. 2017 च्या जूनपासून तिथे एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्यासारखंच चालतं, त्यामुळे मी पॅरिसला गेले तेव्हा काहीच बघावं लागलं नव्हतं. भारत त्या यादीत नाही. इथे उतरल्यावर ते 8,4 GB ॲपमध्ये तसेच झळकत राहतात, पण वापरता येत नाहीत. इथे चालवलेलं इंटरनेट दुसऱ्याच डब्यातून जातं, ज्याचं नाव Guthaben. मराठीत दोन्हींना आपण शिल्लकच म्हणतो. एक डेटाची, एक पैशांची.

माझं Guthaben होतं 17,46 €. विमानातून उतरल्यावर कंपनीचा दरपत्रकाचा एसएमएस आला, त्यात भारतातला दर 0,49 €/MB होता. सतरा युरो शेहेचाळीस सेंट भागिले एकोणपन्नास सेंट, म्हणजे साधारण पस्तीस एमबी. ॲपमधले आठ जीबी इथे खरे तर एवढेच. आमच्या घरच्या ग्रुपवर लग्नाचे दोन व्हिडिओ आले की तेवढे सहज संपतात.

प्रीपेडमध्ये पैसे संपले की नेट बंद पडतं, म्हणजे नुकसानीला आपोआप मर्यादा असते. पण ॲपमध्ये Automatische Aufladung नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की बँकेतून आपोआप पैसे भरले जातात. माझ्याकडे पाच युरोंच्या खाली गेलं की पंधरा युरो भरले जायचे. मग ती मर्यादा कुठली उरली? हे बटण मी निघण्याआधीच बंद केलं. (ज्यांना महिनाअखेर बिल येतं, त्यांच्यासाठी युरोपीय नियमाने कर सोडून साधारण पन्नास युरोंवर रोमिंग डेटा थांबवतात, पण बाहेरच्या देशातलं नेटवर्क वापराची माहिती लगेच देत नसेल तर ही सोय लागू नसते. त्यावर विसंबून राहू नये.)

इथवर एकच सिम होतं. फोनमध्ये दुसरं माझं जुनं नागपूरचं सिम होतं, त्यावर यूपीआय चालतं. नागपूरहून मावशीकडे भोपाळला निघाले. महाराष्ट्राची हद्द ओलांडून पांढुर्ण्याकडे गेल्यावर फोनवर ‘आर’ हे अक्षर आलं. आपल्याकडे दूरसंचाराची 22 मंडळं आहेत. नागपूर महाराष्ट्र-गोवा मंडळात, भोपाळ मध्य प्रदेश-छत्तीसगड मंडळात, म्हणून काही फोन याला रोमिंगच समजतात.

दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर बिट्टन मार्केटच्या हाटात गेले. डिसेंबरातला हाट म्हणजे काय सांगू, मटार, मेथी, शिंगाडे, आवळे, गाजरांचे ढीग. मावशी आमच्याशी कोथिंबीर म्हणते आणि वळून भाजीवाल्याला ‘भैया, हरा धनिया’. मी हौसेने म्हटलं, आज पैसे मी देणार. क्यूआर स्कॅन केला, चाक फिरत राहिलं, आणि फोनने विचारलं, डेटा रोमिंग चालू करायचं का?

“अगं, कर की चालू, तो थांबलाय बिचारा,” मावशी म्हणाली.

प्रश्न साधा होता, पण त्यात कुठल्या सिमचं रोमिंग हे लिहिलेलं नव्हतं. नागपूरच्या सिमचं चालू केलं तर एक पैसा जास्त जात नाही, कारण नेहमीच्या रिचार्जमध्ये देशभर तोच डेटा चालतो. जर्मन सिमचं चालू केलं तर मेगाबाइटला एकोणपन्नास सेंट. दोन सिमची दोन पानं, दोन्हींवर अगदी सारखं दिसणारं, सारख्याच नावाचं बटण. म्हणून मी सिमांची नावं आधीच बदलून ‘नागपूर’ आणि ‘जर्मनी’ केली होती. तो प्रश्न बंद केला, सेटिंगमध्ये गेले, ‘नागपूर’च्या पानावर डेटा रोमिंग चालू केलं, ‘जर्मनी’च्या पानावर ते बंद आहे हे पाहिलं. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट बघावी लागते. एका सिमला रेंज कमी पडली की आपोआप दुसऱ्याचं नेट घेण्याची सोय बऱ्याच फोनांत असते. गर्दीच्या बाजारात तीच नेमकी जागी होते. तीही बंद ठेवली. ‘आर’ तसंच राहिलं, पण नेट आलं आणि गाजरांचे पैसे गेले.

हाटातून परत येताना रिक्षात जर्मन ॲप उघडून पाहिलं, नागपूरच्या नेटवरून. जर्मन सिमच्या नेटवरून शिल्लक बघायला गेलात तर बघण्याचेच पैसे पडतात. दुसऱ्या नेटवरून गेलं की ॲप आपल्याला ओळखत नाही, पासवर्ड आणि एसएमएस कोड मागतं, एवढा त्रास आहे. Guthaben 17,46 €, जसंच्या तसं. खाली Stand: 07:52 Uhr. घड्याळात दुपारचे साडेबारा वाजत आले होते, म्हणून आधी वाटेल की हा सकाळचा शिळा आकडा आहे. पण ही वेळ जर्मनीची. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे आकडा आपल्या 12:22 चा, ताजाच.

संध्याकाळी मावसभावाने फोन हातात घेतला. “एवढी कटकट कशाला? ॲपमधूनच रोमिंग पूर्ण बंद कर ना.” त्याला बटणही सापडलं होतं, Roaming sperren. इथे दोनदा थांबायला हवं. sperren म्हणजे अडवणे, म्हणून हे बटण चालू केलं की रोमिंग बंद होतं. आणि हे नुसत्या डेटाचं बटण नाही. Datenroaming असं लिहिलेलं वेगळं बटण त्याच्या खाली आहे, ते फक्त इंटरनेटपुरतं. वरचं चालू केलं तर सिमला भारतातलं नेटवर्कच मिळणार नाही, बँकेचा एसएमएस येणार नाही, आणि ते पुन्हा उघडायला ॲपमध्ये शिरायचं तर त्याच सिमवर कोड येणार. कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप. दादाने फोन सावकाश टेबलावर ठेवला.

चौथ्या दिवशी मात्र सकाळी ॲप उघडलं तर Guthaben 7,47 €. दहाएक युरो गेले होते. काकांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि मावशी म्हणाली, “बघ, मी सांगत होते, काढून ठेव ते सिम.” मी कागदावर वजाबाकी केली. 17.46 उणे 7.47, बरोबर 9.99. एकोणपन्नास सेंटच्या दराने नेमके 9.99 जुळत नाहीत, वीस एमबीचे 9.80 होतात आणि एकवीसचे 10.29. मग वरच्या गोलाकडे पाहिलं. तिथे आता 10 GB verbleibend होते, भरलेला गोल. चार आठवडे पूर्ण होऊन पॅक नवा झाला होता, त्याची किंमत 9,99 €. रोमिंगने पैसे खाल्ले असते तर गोल हलला नसता.

31 तारखेला खोलीचं भाडं पाठवायचं होतं. तिकडे महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ते द्यावं लागतं. मावशीच्या जेवणाच्या टेबलावर बसून बँकेचं पान उघडलं, रक्कम टाकली, आणि ‘जर्मनी’ सिमवर सहा आकडी कोड आला. सगळे बघत होते. मावशीने विचारलं, “याचे किती गेले?” एसएमएस येण्याचे पैसे माझ्या दरपत्रकात नव्हते. Guthaben अजून 7,47 €.