कटच्या पलीकडे 23 फ्रेम

सबटायटलची संहिता पक्की होऊन आली की माझ्या हातात वेळेशिवाय काही उरत नाही. शब्द दिग्दर्शकाने मंजूर केलेले असतात, चित्र एडिटरने कापलेलं असतं, आणि बोलणारा माणूस त्याच्या वेगाने बोलून कधीच घरी गेलेला असतो. ओळ पडद्यावर कधी यावी आणि कधी जावी, एवढंच मला ठरवायचं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. तीन नियम एकमेकांवर आदळले की ते तसं राहत नाही.

नगरमध्ये बसून हे काम करायचं म्हटलं की माझ्याकडे येतात ते बहुतेक छोटे माहितीपट. न्यू आर्ट्‌स कॉलेजात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यापासून इथली पोरं कॅमेरा घेऊन वाड्यावस्त्यांवर जायला कचरत नाहीत. विषय बहुधा पाण्याचा. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार दोन्ही याच जिल्ह्यातले, तेव्हा आश्चर्य नाही. ज्या माहितीपटातली एक ओळ इथे उलगडून दाखवणार आहे, तोही पारनेर तालुक्यातल्या एका गावाच्या पाण्याचाच. भाषा मराठी आणि सबटायटलही मराठीच. ज्यांना ऐकू येत नाही ते, मोबाइलवर आवाज बंद ठेवून पाहणारे, आणि गावातल्या चावडीसमोर दाखवताना भोंग्याच्या आवाजात अर्धं बोलणं हरवलेले, असे तिघेही त्याचे प्रेक्षक.

एक आजोबा सांगतात: ‘आमच्या गावात तेव्हा पाणी नव्हतं, टँकर आला की सगळं गाव रांगेत उभं राहायचं.’ बोलायला त्यांना बरोबर 3 सेकंद लागतात. माहितीपट सेकंदाला 25 फ्रेमचा, म्हणजे 75 फ्रेम. पण एडिटरने 70 व्या फ्रेमला आजोबांचा चेहरा सोडून कोरडी विहीर दाखवली आहे. ‘राहायचं’चं शेपूट विहिरीवर ऐकू येतं. पुढचं वाक्य 95 व्या फ्रेमला सुरू होतं.

आधी लांबी पाहू. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमांत ओळीला 42 चिन्हांची मर्यादा आहे, आणि आडव्या पडद्यासाठी तोच आकडा आपल्याकडेही रूढ झाला आहे. आजोबांच्या वाक्यात मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून 73 चिन्हं आहेत, म्हणजे दोन ओळी. स्वल्पविरामावर तोडलं की वर 32 आणि खाली 40. दोन्ही बसतात. ‘पाणी’वर ओळ तोडून ‘नव्हतं’ खाली ढकललं असतं तर खालची ओळ 48 चिन्हांची होऊन मर्यादेबाहेर गेली असती, शिवाय ‘गावात पाणी’ वाचून डोळा क्षणभर उलट्या अर्थावर उभा राहिला असता. नकार आणि ज्याचा नकार ते एका ओळीत ठेवावं, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही.

आता ही 73 चिन्हं म्हणजे नेमकं काय, ते पाहिलं पाहिजे, कारण इथे देवनागरी फसवते. संगणक अक्षरं मोजत नाही. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं तो वेगळं मोजतो. ‘नव्हतं’ आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, यंत्राला सहा चिन्हांचं. वरचं पुरं वाक्य आपल्या हिशेबात 33 अक्षरांचं आहे. म्हणून 40 चिन्हांची मराठी ओळ 40 अक्षरांच्या इंग्रजी ओळीपेक्षा पडद्यावर आखूड दिसते, आणि इंग्रजीसाठी ठरवलेला वाचनवेग जसाच्या तसा आपल्याला लावला तर तो विनाकारण कडक होतो. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमांत मोठ्यांच्या कार्यक्रमांसाठी सेकंदाला 20 चिन्हं आहेत. मी मराठीसाठी 22 धरते. जोडाक्षरांनी गच्च भरलेलं, ‘क्षेत्र’, ‘सर्वेक्षण’, ‘प्रकल्प’ असलं सरकारी वाक्य आलं तर मात्र उलट करते. आकडा 22 च्या आत दिसला तरी वेळ वाढवून देते, कारण तिथे डोळा खरोखर अडखळतो. हा आकडा खुंटीसारखा आहे, कोट अडकवायला बरा.

22 च्या हिशेबाने 73 चिन्हांना 3.32 सेकंद हवेत, म्हणजे 83 फ्रेम. आजोबा 75 मध्ये संपतात. आठच फ्रेम कमी, भागेल की, असं वाटतं. पण तिसरा नियम मध्ये येतो. कटच्या आसपास ओळ संपत असेल तर ती कटच्या 2 फ्रेम आधी काढावी, म्हणजे चित्र आणि मजकूर दोन्ही एकदम बदलल्यासारखे वाटतात. त्याप्रमाणे ओळ 68 व्या फ्रेमला गेली पाहिजे. 2.72 सेकंदांत 73 चिन्हं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 27. एवढ्या वेगाने वाचणारा चावडीवर कोणी भेटेलसं वाटत नाही.

एडिटर तरुण आहे, शिस्तीचा आहे. त्याने माझी फाइल लावून पाहिली आणि फोन केला.

‘ताई, ही ओळ कटच्या पुढे गेलीय.’

‘जाऊ दे. मुद्दाम नेलीय.’

‘“तेव्हा” हा शब्द काढला तर?’

काढून पाहिला. सात चिन्हं वाचली आणि वेग 24 वर आला. म्हणजे शब्दही गेला आणि ओळही बसली नाही. शिवाय सबटायटल बोलण्याच्याच भाषेत असलं की ऐकणारा कान आणि वाचणारा डोळा एकमेकांवर पहारा ठेवतात. ऐकलेला शब्द दिसला नाही की माणूस वाक्य सोडून त्या शब्दाला शोधत बसतो. आणि मुळात संहिता पक्की होती. दुसरा उपाय सुचवला जातो तो वाक्याचे दोन तुकडे करण्याचा. तुकडे केल्याने वेळ वाढत नाही. मधल्या फटीच्या 2 फ्रेम उलट खर्ची पडतात. ओळ लवकर सुरू करायलाही वाव नव्हता, कारण आधीचं वाक्य आजोबांच्या तोंडाला टेकलेलं होतं.

राहिला एकच मार्ग, कट ओलांडायचा. ओलांडायचा तर किती, हा खरा प्रश्न. कटनंतर दोन-चार फ्रेम ओळ रेंगाळली तर ती लुकलुकल्यासारखी दिसते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतं. सबटायटल पाहताना डोळ्यांना मधूनच चिमटा बसल्यासारखं वाटलं तर तिथे थांबून एकेक फ्रेम पुढे न्यावी, बहुतेक वेळा हाच दोष सापडतो. म्हणून एकदा ओलांडलं की निदान अर्धा सेकंद थांबायचं. 83 व्या फ्रेमला ओळ काढली तर कटनंतर 13 फ्रेम होतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या किंचित वर, आणि वेगही बरोबर 22. कागदावर हे नेमकं बसतं. पण पुढची ओळ 95 ला येते, मध्ये 12 फ्रेमचा रिकामा पडदा उरतो. मजकूर जाऊन लगेच नवा येणं हीही एक लुकलुकच. तेव्हा मी ती ओळ 93 पर्यंत ताणली, पुढच्या ओळीआधी 2 फ्रेमची फट ठेवली. वेळ 3.72 सेकंद, वेग 20 च्या खाली. कटच्या पलीकडे 23 फ्रेम.

ही सूट मी मनाच्या भरवशावर घेत नाही. कटवर मजकूर तसाच राहिला की प्रेक्षकाला नवी ओळ आली असं वाटतं आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो, हे या धंद्यात वर्षानुवर्षं वेदवाक्यासारखं सांगितलं जायचं. 2013 मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून हे तपासलं. बहुतेक जण पुन्हा वाचत नव्हते. कट पाळला की काम देखणं होतं, हे मला मान्य आहे. पण वाचनवेग आणि कट यांत एकाला मोडायचं असेल तर मी कट मोडते. कट मोडला की पडदा जरा ओबडधोबड होतो. वेग मोडला की वाक्यच जातं.

तरी दिग्दर्शकाची हरकत उरलीच, आणि ती एडिटरपेक्षा वजनदार होती. विहिरीच्या काठच्या दगडावर दोरांचे काच पडलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पोहरे ओढून दगड खोल चिरलेला. ते दिसावेत म्हणून तर तो शॉट आहे, आणि माझी ओळ नेमकी त्या वेळी डोळे खाली खेचते. यावर मी वाद घातला नाही, आवाज बंद करून दाखवलं. माहितीपट आधी न पाहिलेल्या शेजारच्या आजींना बसवलं. वाचता आलं का, असं विचारायचं नसतं, सगळे ‘हो’ म्हणतात. मी विचारलं, विहिरीवर काय होतं? ओळ 68 ला काढलेल्या आवृत्तीत त्या म्हणाल्या, ‘विहीर होती ना?’ त्यांचा जीव ‘रांगेत’पाशीच अडकला होता. 93 च्या आवृत्तीत मात्र त्यांनी दोरांचं नाव काढलं. एकीला विचारून सिद्धांत होत नाही, शिवाय त्यांनी तो शॉट तोवर दुसऱ्यांदा पाहिला होता. दिग्दर्शकाला मात्र तेवढं पुरलं.

मधे एक गंमत. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. मुलाखतीतली माणसं ‘नगर’च म्हणतात. संहितेत कुणीतरी उत्साहाने सगळीकडे नवं नाव घातलं होतं. 3 चिन्हांच्या जागी 10, तेही तोंडातून न निघालेली. नाव आणि गाव दाखवणाऱ्या पट्टीवर अधिकृत नाव ठेवलं, बोलण्यात माणसांचं राहू दिलं. तिथे पक्की संहिता मी लेखी विचारून बदलून घेतली.

मग मोबाइलसाठी उभी आवृत्ती हवी झाली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्यावरचा अच्युतानंद द्विवेदी यांचा ‘सीड मदर’ 2019 मध्ये कानला नेस्प्रेसोच्या उभ्या चित्रपटांच्या स्पर्धेत पुरस्कार घेऊन आला, तेव्हापासून उभी चौकट इथे कुणाला परकी वाटत नाही. सबटायटलवाल्याला मात्र ती घट्ट होते. पडदा 1920 ऐवजी 1080 ठिपके रुंद, टाइप तेवढाच ठेवायचा, म्हणजे 42 चिन्हांच्या ओळीत जेमतेम 23 मावतात. आजोबांचं वाक्य चार ओळींचं झालं, आणि चार ओळी चेहऱ्यावर चढतात. आता तुकडे करावेच लागले: आधी ‘आमच्या गावात तेव्हा / पाणी नव्हतं,’ आणि मग ‘टँकर आला की सगळं गाव / रांगेत उभं राहायचं.’

आजोबा पहिला भाग फार भरभर म्हणतात, 33 व्या फ्रेमला ‘टँकर’ सुरू. तेवढ्यात पहिला तुकडा वाचून होत नाही. दुसऱ्याला मात्र वेळ भरपूर. म्हणून पहिला 37 पर्यंत ठेवला आणि दुसरा 39 ला आणला, आवाजापेक्षा 6 फ्रेम मागे. पाव सेकंदाच्या आतला उशीर ओठांकडे पाहणाऱ्यालाही सहसा टोचत नाही. तोच तुकडा आवाजाच्या आधी आला असता तर टँकर बोलण्याआधीच पोचला असता. ओळींमधलं अंतरही वाढवावं लागलं, कारण वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी छोट्या पडद्यावर एकमेकींत घुसतात. आणि मोबाइलच्या अॅपची बटणं तळाशी येतात म्हणून मजकूर वर उचलला, त्यामुळे विहिरीचे काच तिथे आपोआप मोकळे झाले.

एक जागा दोन्ही आवृत्त्यांत तशीच राहिली आहे. टँकरच्या रांगेवरून दोन बायका एकमेकींच्या बोलण्यावर बोलतात, पुढे लगेच तिसरी. कट नाही, फट नाही, ताणायला जागा नाही. वेग 25 च्या वर जातो. दोघींच्या ओळींना डॅश देऊन त्या एकाच वेळी दाखवल्या आणि ती ओळ तशीच फाइलमध्ये पाठवून दिली, शेजारी शेरा लिहून: संहिता कायम, वेळ उपलब्ध नाही.