सरांचं रेकॉर्डिंग आणि सामंतचा पोपट

चाकणची पहिली पाळी करून आमची मंडळी चिंचवडला तालमीला येतात. नाटक आहे तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे. दिग्दर्शक सर तालीम चालू असताना लिहीत नाहीत, नजर रंगमंचावरून हलू नये म्हणून मोबाइलवर हळू आवाजात बोलत राहतात. रात्री ते रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं. सगळे झोपले की स्वयंपाकघरात बसून मी ते ऐकते.

सर बोलतात ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, तोवर संवाद पुढे गेलेला असतो. म्हणून तालमीचंही वेगळं रेकॉर्डिंग त्याच क्षणी सुरू करते. सरांची सूचना सातव्या मिनिटाला असेल, तर तालमीत सातव्या मिनिटाच्या जरा मागे काय चाललं होतं ते सापडतं. सूचनेसमोर वेळ लिहीत नाही, संहितेचं पान आणि वाक्य लिहिते, कारण उद्याच्या तालमीत मिनिटं सरकतात, वाक्य सरकत नाही. या नाटकाचे तीन अंक एकाच जागी घडतात, प्रवेश पाडलेले नाहीत. म्हणून कुणी आत आलं किंवा बाहेर गेलं, की मी तिथे नवा प्रसंग धरते.

एक सूचना सांगते. शेवटी सामंत हिरवा कापडी पोपट बेणारे बाईंजवळ ठेवतो. सर म्हणाले होते, “पोपट दिसतच नाही!” एवढंच. तालीम पाहताना मीही तिथे खूण केली होती: बाईंचा हात आड येत होता. सरांना विचारून त्या एका वाक्याच्या तीन ओळी झाल्या. सामंतला: पोपट टेबलावर प्रेक्षकांच्या बाजूला, वीतभर पुढे ठेवणे. बेणारेला: हात तिथून मागे. सामान सांभाळणाऱ्याला: टेबलावर त्या जागी चिकटपट्टीची छोटी खूण. लाइटवाल्या भाईंना मात्र “पोपट नव्या जागी पाहून मग ठरवू”, कारण जागा हलली की प्रकाशही हलवावा लागतो, आणि दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

“इथं मरतंय” अशी सूचना आली की मी तिचं “मोठ्याने बोला” करत नाही. दम कमी आहे, की गती, की हालचाल चुकीच्या शब्दावर येते, हे सरांनाच विचारते. तीच सूचना तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्येही ऐकू आली, तर ती बहुधा चुकीच्या माणसाकडे गेलेली असते.

ज्याच्या त्याला फक्त त्याच्या ओळी पाठवते. मूळ आवाज कुणालाच नाही. सर रागाच्या भरात एकदा एका कलाकाराबद्दल बरंच काही बोलले होते. त्या मुलाने दोनदा मागितलं, “बाजी, नेमकं काय म्हणाले ते ऐकू द्या ना.” ती सरांची अमानत आहे. त्याला मी एवढंच दिलं: दुसरा अंक, साक्षीच्या वेळी बाईंकडे पाहून मगच उत्तर देणे.

पुढच्या तालमीत त्याने तसं केलं. मी पेन्सिलने खूण केली.