अर्ध्या टक्क्याची गोष्ट

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच मी नेट दिली आणि पहिल्याच खेपेला पास झाले. त्या आनंदात माहितीपत्रकातली एक ओळ नीट वाचायची राहून गेली. खुल्या वर्गासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के हवेत, तेही वरच्या अंकाकडे न ढकलता. म्हणजे ५४.९९ आले तरी ते ५५ नाहीत. शिवाय शेवटच्या वर्षात असताना परीक्षा दिली असेल, तर नेटचा निकाल लागल्यापासून दोन वर्षांत पदवी, आणि तीही या टक्क्यांसह, हातात पाहिजे.

एम.ए.ला माझा सीजीपीए ६.२० आला. दीडेक वर्षाने एका महाविद्यालयाची जाहिरात निघाली. अर्जात टक्केवारीचा रकाना होता. माझ्या धाकट्या भावाने दहावीला सीबीएसईत ९.५ने गुणून टक्के काढलेले मला आठवत होते. मीही गुणलं आणि ५८.९ लिहून मोकळी झाले.

छाननीच्या दिवशी टेबलामागच्या मॅडमनी माझं गुणपत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आमच्या विद्यापीठाचं सूत्र छापलेलं होतं: सीजीपीएमधून ०.७५ वजा करा आणि दहाने गुणा. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. ५४.५.

"पण मॅडम, माझी नेट झालीय ना!"

"नेटवाले कागद तपासत नाहीत, ते आम्ही तपासतो. प्रमाणपत्रावरच लिहिलेलं असतं बघ."

खरंच लिहिलेलं होतं.

घरी येऊन चारही सत्रांची गुणपत्रकं जमिनीवर मांडली. प्रत्येकी चार क्रेडिटचे वीस पेपर, एकूण ऐंशी क्रेडिट. सोळा पेपरांत मला ५० ते ५९च्या मधे गुण, म्हणजे श्रेणीगुण ६. चार पेपरांत साठीच्या पुढे, म्हणजे ७. बेरीज १२४, भागिले वीस, ६.२०. मग प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांची बेरीज केली, तर २००० पैकी ११४४, म्हणजे ५७.२ टक्के! तीच मी, तेच पेपर, आणि मधले जवळजवळ तीन टक्के कुठे गेले?

ते श्रेणीत गेले होते. ५१ मिळवणारा आणि ५९ मिळवणारा, दोघांनाही ६च मिळतात. एकदा ६ झाले, की मूळचे किती होते हे त्या आकड्यातून परत निघत नाही. सूत्र फक्त अंदाज करतं. आमच्या सूत्रात ६ म्हणजे ५२.५ आणि ७ म्हणजे ६२.५. मी पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात, सूत्र खालच्या बाजूला, त्यामुळे तोटा माझा. ५१वाल्याचा मात्र दीड टक्का फायदा. सीबीएसईचा ९.५ही असाच आलेला. तिथे तेव्हा ९१ ते १०० म्हणजे १० श्रेणीगुण असायचे, आणि त्या गटातल्या मुलांची सरासरी ९५च्या आसपास भरायची, म्हणून दहाने भागून ९.५. दहावीच्या मुलांसाठी बेतलेला आकडा मी एम.ए.वर चढवला होता. सरळ दहाने गुणणारेही असतात. पण आमच्याकडे ६० ते ६९ला ७ श्रेणीगुण, त्याला दहाने गुणलं तर ७०, म्हणजे जे गुण ७ श्रेणीगुणवाल्या कुणालाही पडूच शकत नाहीत!

प्रत्यक्ष गुणांचा दाखला द्या, असा अर्ज घेऊन मी परीक्षा विभागात गेले. खिडकीतल्या काकांनी तो वाचून परत केला. "ताई, श्रेणी पद्धतीत टक्केवारीचा दाखला सूत्रानेच निघतो. समोरच्यालाही तोच लागतो."

पण काकांनी नाही म्हणताना एक सांगितलं: श्रेणीसुधार. एका पेपराला जरी ६चे ७ झाले, तर बेरीज १२५, सीजीपीए ६.२५ आणि टक्के बरोब्बर ५५. मी पुन्हा गुणपत्रकं चाळली. तिसऱ्या सत्रातल्या भाषाविज्ञानाला ५९ होते. एक गुण! तेव्हा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला नव्हता, कारण पास झाले होते.

नेटच्या निकालाला तेव्हा एकोणीस महिने झाले होते. परीक्षा विसाव्या महिन्यात होती. माझ्याहून दोन वर्षं मागच्या मुलांमध्ये बसून मी तोच पेपर लिहिला, आणि निकाल बाविसाव्या महिन्यात लागला. ६४.

सुधारित गुणपत्रक घेऊन दाखल्याच्या खिडकीवर गेले. काकांनी टंकायला सुरुवात केली आणि मान वर केली.

"५५ लिहू की ५५.००?"

"दोन्ही शून्यं टाका काका," मी म्हटलं.