घरच्या बादलीने आणि दप्तराने व्यायाम: वजन किती घ्यायचं, कसं वाढवायचं?

"डॉक्टर, तुम्ही वजन उचला म्हणता, पण डंबेल घ्यायचे कुठून?" मधुमेहाच्या किंवा गुडघेदुखीच्या पेशंटला स्नायूंचा व्यायाम सांगितला की वसई-विरारमध्ये हा प्रश्न हमखास येतो. जिमची फी परवडत नाही, घर एका खोलीचं, आणि विरार लोकलने ये-जा करणाऱ्यांना वेळ नाही. पण बादली, तेलाचा रिकामा कॅन आणि नातवाचं जुनं दप्तर बहुतेक घरांत असतं. तेवढ्यावर काम होतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो. त्यामुळे पाण्याचं भांडं हेच तुमचं वजन आणि तोच तुमचा काटा. वाळूचं तसं नाही. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या वर भरते आणि ओली झाली की आणखी जड होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाल्कनीत ठेवलेली वाळूची पिशवी जुलैमध्ये किती किलोची झाली, हे तुम्हाला कळणारही नाही. वाळू वापरायचीच असेल तर दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये भरून घट्ट बांधा आणि किराणावाल्याच्या काट्यावर तोलून प्रत्येकीवर आकडा लिहा. किनाऱ्यावरून मात्र आणू नका, तिथली वाळू उचलायला कायद्याने मनाई आहे.

आता खरा मुद्दा. भांडं निवडताना लोक बघतात ते किती जड होतं. मी सांगतो, ते किती थोडं थोडं वाढवता येतं ते बघा.

नालासोपारा पूर्वेच्या एका मावशींचं उदाहरण देतो. वय ६१, मधुमेह, घरात त्या आणि कामावर जाणारा मुलगा. त्यांची तक्रार साखरेची नव्हतीच. खाली बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि उद्या संडासातून उठता आलं नाही तर मुलाला कामावरून बोलवायचं का, ही भीती होती. "पाणी तर मी रोज भरते, अजून कसला व्यायाम?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न योग्य होता. पण तीच बादली, तेवढंच पाणी, वीस वर्षं. शरीराला जे रोज सवयीचं आहे त्याने ताकद टिकते, वाढत नाही. शिवाय ती बादली नेहमी एकाच हातात, कंबरेतून वाकून आणि नळ जायच्या घाईत उचललेली असते.

सुरुवात वजनाशिवाय केली. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, बसायचं आणि उठायचं. ८ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा ८. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. ८ चे हळूहळू १२ केले. सलग दोन दिवस दोन्ही फेऱ्यांत १२ झाले आणि शेवटी "अजून दोन-तीन जमतील" असं वाटलं, की मगच वजन. दोन आठवड्यांनी त्यांनी दप्तर छातीच्या बाजूला अडकवलं आणि त्यात एक लिटरची पाण्याची बाटली ठेवली. पुन्हा ८ पासून. १२ झाले की दुसरी बाटली.

दप्तरच का, बादली का नाही? कारण बादली हातात धरली की पायांआधी बोटं थकतात आणि व्यायाम तिथेच थांबतो. छातीशी असलेलं वजन अंगाच्या जवळ राहतं, पाठीवर ताण कमी येतो. मात्र बाटल्या आत हलता कामा नयेत. मोकळ्या जागेत जुनी चादर कोंबा आणि पट्टे आवळा.

हातांसाठी त्यांनी तेलाचा पाच लिटरचा कॅन घेतला. एक हात टेबलावर टेकवून, पाठ सरळ ठेवून, दुसऱ्या हाताने कॅन बरगडीपर्यंत ओढायचा. दोन लिटर पाण्याने सुरुवात झाली. तीन आठवड्यांनी त्या कोपर धरून आल्या. विचारल्यावर कळलं, दोन लिटर हलकं वाटलं म्हणून कॅन सरळ तोंडापर्यंत भरला होता. घरगुती वजनांत हेच सर्रास होतं. भांडं एकतर थोडं भरलेलं असतं नाहीतर पूर्ण, मधलं कोणी मोजत नाही. दोनाचे पाच म्हणजे एका दिवसात अडीचपट. जिममध्ये असं कोणी करणार नाही, कारण तिथे वजनावर आकडा छापलेला असतो.

उपाय साधा होता. दहा दिवस विश्रांती दिली. मग कॅनमध्ये अर्धा-अर्धा लिटर मोजून ओतलं आणि प्रत्येक वेळी बाहेरून मार्करने रेघ मारली. पुन्हा दोन लिटरपासून, आणि पुढे एका वेळी एकच रेघ. हातांना अर्धा लिटर, पायांना एक लिटर, हे प्रमाण बहुतेकांना मानवतं. तीन महिन्यांनी मावशींच्या दप्तरात सहा बाटल्या होत्या, आणि त्या पाटावरून हात न टेकता उठत होत्या.

बादलीच वापरायची असेल, उदाहरणार्थ दोन्ही हातांत धरून चालण्यासाठी, तर एक पूर्ण भरलेली घेण्यापेक्षा दोन अर्ध्या घ्या. वजन तेवढंच, पण पाठ एका बाजूला झुकत नाही. कडीला जुनं कापड गुंडाळा. झाकण लावा, कारण हिंदकळलेलं पाणी लादीवर सांडलं की घसरून खुब्याचं हाड मोडायला एक क्षण पुरतो. उचलताना गुडघ्यांत वाका आणि श्वास सोडत उठा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं ठीक आहे. सांध्यात दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर एक रेघ मागे या. छातीत दडपण आलं, चक्कर आली, किंवा कंबरेतून पायात कळ गेली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, ताब्यात नसलेला बीपी, हर्निया, ठिसूळ हाडं, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास, किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर आधी विचारा, मग उचला. साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये.

आणि व्यायाम झाल्यावर ते पाणी तसंच ठेवू नका. घरात रांगतं मूल असेल तर बादलीभर पाणीही जिवावर बेततं, मूल डोक्यावर पडलं की त्याला बाहेर येता येत नाही. उघड्या पाण्यात आठवडाभरात डेंग्यूचे डास तयार होतात. जिथे पाणी रोज येत नाही, तिथे ओतून देणंही जिवावर येतं. म्हणून ते भांडी घासायला किंवा झाडांना वापरा, आणि आठवड्यातून एकदा बादली, कॅन, बाटल्या सगळं रिकामं करून घासून, पुसून कोरडं करा. मारलेली रेघ पुसली गेली असेल तर त्याच दिवशी पुन्हा मारून घ्या.