शेततळ्यात पाणी येतं कुठून?

पेपर छापून आल्याचं कळल्यापासून अभिनंदनाचे मेसेज येतायत, सगळ्यांचे आभार. पण मावशीने थेट विचारलं, "म्हणजे नक्की काय शोधलंस?" तर साध्या मराठीत सांगतो.

शेततळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा खड्डा, असं आपण धरून चालतो. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेमागचा विचारही तोच: पावसाने ओढ दिली की पिकाला एक-दोन पाणी देता यावं. आम्ही पाहिली ती नाशिक-नगरच्या दुष्काळी पट्ट्यातली, प्लास्टिक अंथरलेली शेततळी. तळ्यात खुणा केलेली पट्टी उभी करायची आणि दर दहा दिवसांनी पातळी लिहून ठेवायची, एवढंच मुख्य काम. त्यातून दिसलं ते असं, की पाऊस संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, पातळी चढते. आकाश कोरडं असताना पाणी वाढतंय म्हणजे ते विहिरीतून किंवा बोअरमधून येतंय. तळ्याकडे बघूनही ओळखता येतं. चारी बाजूंनी उंच बांध, ओहोळाचं पाणी आत यायला वाटच नाही, आणि कडेवरून सोडलेला एक पाइप.

शेतकरी हे उगाच करत नाही. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी फक्त भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात साठतं. ते मोजकं असतं आणि आजूबाजूच्या सगळ्या विहिरींचं मिळून एकच असतं. आपण नाही उपसलं तर शेजारी उपसणार. द्राक्ष किंवा डाळिंबाची बाग उभी असेल तर मार्चमध्ये विहीर आटेपर्यंत थांबणं परवडत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही मोटार लावली असती.

पण जमिनीखाली झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं की ते उडतं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचं तळं घ्या. त्यात साधारण वीस लाख लिटर मावतं. फेब्रुवारी ते मे दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर चार महिन्यांत जवळजवळ एक मीटर पाणी जातं. म्हणजे सात-आठ लाख लिटर, दहा हजारी टँकरच्या सत्तरेक खेपा. अर्थात हे तळं भरलेलं ठेवलं तर. बागेला पाणी देत गेलं की तळं लवकर उतरतं, पसारा कमी होतो आणि नुकसानही कमी.

एक स्पष्ट करतो, कारण काहींनी आधीच "शेततळी बंद करा" असा अर्थ काढलाय. पेपर तसं म्हणत नाही. ज्यात ओहोळाचं पाणी खरंच येतं, ती तळी या हिशेबात नाहीत. आमचं म्हणणं एवढंच, की विहिरीवर भरलेलं तळं सरकारी कागदावर 'जलसंधारण' म्हणून मोजू नका. ते पाणी गावात नव्याने आलेलं नाही, सगळ्यांच्या भेगांमधून एकाच्या प्लास्टिकवर गेलंय. त्याच गावात एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याची विहीर कोरडी पडते तेव्हा तहसीलला टँकरचा प्रस्ताव जातो, आणि त्या प्रस्तावात या तळ्यांचा उल्लेख कुठेच नसतो.