खाज दिसत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही

आमच्या वस्तीत गरोदर बाईने खाजेची तक्रार केली की उत्तरं ठरलेली असतात. सासू म्हणते, पोट ताणतंय, खाजणारच. शेजारीण म्हणते, बाळाला जावळ येतंय. कुणी म्हणतं, पित्त उठलंय, कोकमाचं पाणी लाव. आणि दवाखान्यात गेलं तर टेबलापलीकडून विचारलं जातं, "अंगावर काही दिसत तर नाही, मग खाज कसली?"

आमचा मुद्दा या शेवटच्या प्रश्नाबद्दल आहे. सातव्या-आठव्या महिन्यानंतर अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, तरी झोप उडवणारी खाज सुटते, तेव्हा "काही दिसत नाही" हीच खरी खूण असते. ज्या गोष्टीमुळे तक्रार मोडीत काढली जाते, तीच गोष्ट तपासणीचं कारण असायला हवी.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. मराठीत आपण अंगावर गांधी उठल्या तरी पित्त म्हणतो, छातीत जळजळ झाली तरी पित्त म्हणतो. इथे मात्र खरोखरच पित्ताचा, म्हणजे यकृतातून आतड्यात जाणाऱ्या पित्तरसाचा प्रश्न आहे. यकृत पित्ताम्लं तयार करतं, ती पित्तरसातून आतड्यात उतरतात आणि चरबी पचवायला मदत करतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत स्त्रीच्या शरीरातली संप्रेरकं खूप वाढतात. काही स्त्रियांच्या यकृताला हा भार झेपत नाही. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. पित्ताम्लं बाहेर पडण्याचा वेग मंदावतो, ती रक्तात साठू लागतात आणि खाज सुटते. डॉक्टर या आजाराला ऑब्स्टेट्रिक कोलेस्टेसिस किंवा आयसीपी म्हणतात. त्वचेवर काही दिसत नाही, कारण बिघाड त्वचेत नाहीच.

ही खाज ओळखता येते. बहुतेक वेळा ती तळहात आणि तळपायांपासून सुरू होते, पुढे अंगभर पसरते. रात्री वाढते. बाई थंड फरशीवर पाय टेकवून बसते, ओला टॉवेल गुंडाळते, तरी पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. ओरबाडून ओरबाडून नखांचे ओरखडे उठतात, खपल्या धरतात. मग त्या ओरखड्यांनाच पुरळ समजलं जातं.

इथे आम्हाला समाजशास्त्राच्या वर्गात न शिकवलेली एक गोष्ट सांगायची आहे. पत्ता झोपडपट्टीचा असला आणि अंगावर ओरखडे असले, की निदान आधीच झालेलं असतं: खरूज. "अंघोळ करा, कपडे उकळा, घरातल्या सगळ्यांनी हे लोशन लावा." म्हणजे आजाराचं नाव बाईच्या अंगावरून नाही, तिच्या वस्तीवरून ठरतं. खरूज रात्रीच जास्त खाजते हे खरं आहे. पण खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुळ्या देते, मोठ्या माणसांच्या तळपायांना सहसा सोडून देते, आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतंच. एकटीच बाई, तळहात-तळपाय, आणि आधी खाज, ओरखडे नंतर, हा क्रम विचारला तर फरक दोन मिनिटांत कळतो. तो विचारलाच जात नाही, ही आमची तक्रार आहे.

आमच्याच कामातली एक केस तपशिलात मांडतो. एक ताई, दुसरं बाळंतपण, एकतीसावा आठवडा. तळपायांना खाज. जवळच्या दवाखान्यात खरजेचं लोशन मिळालं. दोन वेळा लावून फरक नाही. बत्तिसाव्या आठवड्यात तिथेच लिव्हर फंक्शन टेस्ट झाली. एसजीपीटी 31, कावीळ नाही. "लिव्हर एकदम चांगलं आहे, घाबरू नका," म्हणून परत पाठवलं.

या ठिकाणी बहुतेक बायकांची गोष्ट थांबते. लिव्हरच्या नेहमीच्या तपासणीत पित्ताम्लं मोजलीच जात नाहीत. एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाली का ते सांगते. बिलिरुबिन कावीळ सांगतं, आणि या आजारात कावीळ क्वचितच होते. दोन्ही नॉर्मल असताना पित्ताम्लं वाढलेली असू शकतात. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी चिठ्ठीवर लिहून घ्यावी लागते: सीरम टोटल बाइल ॲसिड्स.

आम्ही ताईंसोबत दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी ती लिहून दिली. तेहतीसाव्या आठवड्यात रिपोर्ट आला, 14. एकक मायक्रोमोल प्रति लिटर. उपाशीपोटी न घेतलेल्या रक्तात गरोदर बाईचा आकडा 19 पर्यंत असू शकतो, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणाले, झालं समाधान? पैसे गेले. पण डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: खाज राहिली तर आठवड्याने पुन्हा. आधी खाज आणि नंतर आकडा, असं या आजारात होतं. खाज थांबली नव्हती. चौतीसाव्या आठवड्यात आकडा 46 आला. छत्तीसावा लागायला तीन दिवस असताना 108, आणि आता एसजीपीटीही 140.

या आकड्यांचा अर्थ काय? आईला यातून सहसा कायमचं नुकसान होत नाही, बाळंतपणानंतर खाज जाते. धोका बाळाला आहे. पित्ताम्लं वारेतून बाळाकडे जातात. आकडा खूप वर गेला की बाळाच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडत असावेत, असं संशोधकांना वाटतं. बाळ वेळेआधी येऊ शकतं, पोटातच शी करू शकतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटातच दगावू शकतं. 2019 साली लॅन्सेटमध्ये या आजाराच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून अभ्यास छापून आला. पित्ताम्लं 100 च्या खाली राहिली, तर पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण इतर गरोदरपणांपेक्षा वेगळं दिसलं नाही. 100 किंवा त्याहून वर गेली, तर ते प्रमाण शंभरात साडेतीनच्या जवळ गेलं. म्हणजे नुसतं "आजार आहे" कळून भागत नाही. आकडा किती, हे कळावं लागतं. बहुतेक बायकांना तो आकडा दिलासा देतो, थोड्यांना वाचवतो, आणि कोण कुठल्या गटात हे खाजेच्या तीव्रतेवरून सांगता येत नाही.

सोनोग्राफी का पुरत नाही, असं आम्हाला हमखास विचारतात. कारण इथे बाळाची वाढ खुंटत नाही, वारेचा रक्तपुरवठा हळूहळू कमी होत नाही. काल सोनोग्राफी चांगली, आज सकाळी ठोक्यांची पट्टी चांगली, आणि तरी नंतर अचानक काही होऊ शकतं. बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखाना गाठायचाच, पण चांगल्या पट्टीवर विसंबून रक्ततपासणी टाळायची नाही.

उपचाराबद्दलही खरं बोलायला हवं. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या बऱ्याचदा दिल्या जातात. ब्रिटनमध्ये सहाशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, तीही 2019 सालीच प्रसिद्ध झाली, या गोळ्यांनी बाळावरचे धोके कमी झाले नाहीत. खाजेत थोडासाच फरक पडला. म्हणून "गोळी सुरू आहे ना, मग आता तपासणी कशाला" हे चालत नाही. हातात असलेला खरा उपाय म्हणजे बाळंतपणाची वेळ ठरवणं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं साधारण अशी आहेत: 40 च्या खाली असेल तर चाळीसाव्या आठवड्यापर्यंत थांबता येतं, 40 ते 99 मध्ये अडतीस-एकोणचाळीसाव्या आठवड्यात, 100 च्या वर पस्तीस-छत्तीसाव्या आठवड्यात. बिनकारण लवकर केलेल्या बाळंतपणाचाही बाळाला त्रास होतो, श्वासाचा, दूध ओढण्याचा. म्हणून आकडा न बघता घाईने सिझर करणं हेही आम्हाला मान्य नाही. खासगीत तेही घडतं.

108 चा रिपोर्ट आल्याच्या रात्रीच ताईंना नवजात शिशू कक्ष असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल केलं. छत्तीस आठवडे पूर्ण होताच कळा सुरू करण्याचं औषध दिलं, ठोक्यांवर सतत लक्ष ठेवलं. सिझर करावं लागलं नाही. मुलगी झाली, 2 किलो 300 ग्रॅम, दोन दिवस निगराणीत राहिली. चौथ्या रात्री ताई सलग झोपल्या. सहा आठवड्यांनी केलेल्या तपासण्या नॉर्मल आल्या. त्या नॉर्मल आल्या नसत्या, तर यकृताचा दुसरा आजार शोधावा लागला असता.

आता पैशांचं. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा होत नाही. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि लिव्हरच्या साध्या तपासणीपेक्षा खर्च बराच जास्त येतो. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीच्या तपासण्या मोफत असायला हव्यात. "आमच्याकडे होत नाही" हे उत्तर मिळालं, तर "मग जिथे होते तिथे पाठवा, आणि कार्डावर तसं लिहून द्या" असं म्हणायचं. तोंडी तक्रार हवेत जाते. माता-बाल संरक्षण कार्डावर "तळहात-तळपायांना खाज, पुरळ नाही, किती दिवस" एवढं लिहून घेतलं, की पुढच्या डॉक्टरला ते ओलांडून जाता येत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी असते, तिथेही हे कार्ड पुढे करावं. मात्र खाजेसोबत डोळे पिवळे, ताप-उलट्या, खूप डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखणं असेल, तर 9 तारखेची वाट बघायची नाही. ते दुसरे आणि अधिक घाईचे आजार असू शकतात.

वस्तीत काम करणाऱ्या आपल्या पोरांनी हे वाचून "बायकांचा विषय" म्हणून पुढे सरकू नये. रिपोर्टचे पैसे द्यायचे की नाही, दुसऱ्यांदा द्यायचे की नाही, हे बहुतेक घरांत नवरा किंवा दीर ठरवतो. ताईंच्या घरीही 14 च्या रिपोर्टनंतर प्रश्न तिथेच अडला होता. दुसऱ्या वेळचे पैसे त्यांच्या धाकट्या भावाने दिले, तो पेंटिंगच्या कामावर जातो.

ब्रिटनमधल्या नोंदींत भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत हा आजार शंभरात एकीहून थोडा जास्त, म्हणजे तिथल्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आढळतो. एकदा झाला तर पुढच्या गरोदरपणात तो परत येण्याची शक्यता मोठी असते, आणि आई-बहिणीला झाला असेल तर तेही डॉक्टरला सांगायला हवं. ताईंच्या कार्डावर आम्ही तो 108 चा आकडा तारखेसह लिहून घेतलाय. गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या झाल्या तर आधी हे कार्ड दाखवायचं, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी ही खाज परत सुटू शकते. त्यांची धाकटी बहीण आता पाचव्या महिन्यात आहे, तिच्या कार्डावरही ही नोंद केली आहे.