येतोsss

रविवारी जेवायला बोलावलं की माझा भाचा आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच शब्द पाठवतो, आणि त्या एका शब्दावरून मला तांदूळ किती भिजवायचा ते कळतं. नुसतं ‘येतो’ आलं तर तो खरंच येणार. ‘येतोsss’ आलं तर येणार, पण ‘खाला, किती वेळा विचारशील’ असा लाडिक वैताग त्यात आहे. ‘येतो इन्शाल्लाह’ आलं तर निम्मी शक्यता. आणि ‘येतो इन्शाल्लाह 🙂’ आलं की त्याचं ताट मांडायचं नाही. इन्शाल्लाह हा मुळात श्रद्धेचा शब्द, पण नकार गोड करण्यासाठी तो आपल्या घरांत किती वापरला जातो हे मी वेगळं सांगायला नको. ती पिवळी, अर्धवट हसरी बाहुली फक्त एवढंच म्हणते की, मला माहीत आहे की तुला माहीत आहे.

त्या तीन s ची गोष्ट मला फार आवडते. बोलताना आपण ‘होऽऽऽ’ असा स्वर ताणतो आणि लाड, कंटाळा, टोमणा सगळं त्या ताणात असतं. छापील मराठीत, विशेषतः नाटकांत, त्यासाठी अवग्रह वापरतात. रोमन लिपीत नुसता o दाबत राहिलं की झालं. उर्दूतही सोपं आहे: ‘हाँ’चा शेवटचा नून-गुन्ना चार-पाच वेळा दाबला की शब्द नाकात घुमायला लागतो. देवनागरीत मात्र मात्रा अक्षराला चिकटून येते, आणि एका अक्षराला एकच. दुसऱ्यांदा ‘ो’ दाबला की बऱ्याच फोनवर त्याखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं. फोन जणू विचारतो, या मात्रेचं अक्षर कुठे आहे? अवग्रह कीबोर्डवर असतो, पण शोधावा लागतो. म्हणून लोकांनी त्याच्यासारखा दिसणारा इंग्रजी s उचलला. वाचताना त्याला कुणी ‘स’ म्हणत नाही. शिक्षिका म्हणून मी याला चूक म्हणायला तयार नाही.

मोकळ्या जागेचंही तसंच. ‘अ भि नं द न’ असं तोडून लिहिलं की त्यात सत्कार समारंभातल्या निवेदकाचा आवाज येतो. कुणी महिनाभर रखडलेलं काम शेवटी केलं की आम्ही हेच पाठवतो. पण तोडायचं ते अक्षर-अक्षर. मात्रा वेगळी केली की पुन्हा ते वर्तुळ, आणि विनोद मेला.

पूर्णविराम त्याहून धारदार. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असलं तर वाचणाऱ्याला ते कमी मनापासूनचं वाटतं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसं वाटत नाही. आपल्याकडे ‘बरं’ आणि ‘बरं.’ हे पाठवून बघा. अर्थात पन्नाशीपुढची मंडळी सवयीनं टिंब देतात, त्यांचं ‘बरं.’ म्हणजे बरंच.

मुद्दाम केलेली चूक ओळखायची कशी? ती वाक्यात बहुधा एकच असते, नेमक्या महत्त्वाच्या शब्दात असते, आणि ती बोलण्यासारखी ऐकू येते. बोट घसरून झालेली चूक तोंडानं म्हणता येत नाही. शिवाय मुद्दाम चुकायला कष्ट पडतात, कारण कीबोर्ड बरोबर शब्द पुढे करत राहतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी शुद्ध लिहिणारे एक गृहस्थ टँकर आला नाही की लिहितात, ‘आज बी पानी नाय’. सगळे हसतात, कारण सगळ्यांना माहीत आहे की त्यांना ‘पाणी’ लिहिता येतं.

याच ग्रुपवर भिवंडीला वाढलेल्या एक बाई आहेत, शिक्षण सगळं उर्दू माध्यमातलं. उर्दूच्या वर्णमालेत ण नाहीच. तिथे ‘पानी’ हाच शुद्ध शब्द. त्यांनी एकदा सकाळी विचारलं, ‘पानी कधी येनार?’ त्यात एक नाही, दोन न होते, बाहुली नव्हती, ताण नव्हता. म्हणजे विनोद नव्हता, प्रश्न होता. पण आधीच्या आठवड्यातल्या विनोदाची चव अजून ग्रुपच्या तोंडावर होती. कुणीतरी उत्तर दिलं, ‘पानी येनारsss 😂😂’. मग आणखी चौघांनी तेच. तीच अक्षरं, पण पहिल्यांदा माणूस स्वतःवर हसला होता, आणि या वेळी दुसऱ्याच्या जिभेवर. उत्तर देणाऱ्यांपैकी दोघांना तरी बाईंनीही गंमतच केली असं खरोखर वाटलं होतं. चॅटवर चेहरा दिसत नाही, तेव्हा त्यांचाही फार दोष नाही.

मी खाली सरळ लिहिलं, ‘पाणी साडेनऊला येईल, वॉचमनशी बोलले आहे.’ शेवटी टिंब दिलं, मुद्दाम.

त्या बाई ग्रुपवर अजून आहेत. काहीही विचारलं की 👍 पाठवतात.